पहिली शिंक आणि हजार मिलिग्रॅम

*पहिली शिंक आली की मी व्हिटॅमिन सीची 1000 मिलिग्रॅमची गोळी चघळायला घेते. दिवसाला तीन, कधी चार. सर्दी वाढत नाही, चार-पाच दिवसांत मोकळी होते, असा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे. आमचे हे म्हणतात, शिंका सुरू झाल्यावर घेऊन काय उपयोग, रोजच घ्यायला हवी. ते स्वतः वर्षभर 500 ची गोळी घेतात आणि तरी त्यांना सर्दी होतेच! आता सात वर्षांच्या मुलाला रोज द्यायची का, यावरून घरात वाद चालू आहे. मोठ्या चाचण्यांमध्ये नक्की काय निघालं आणि आमच्या दोघांत बरोबर कोण? (यांना चार वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, पण तो वेगळा विषय.)*
*– एक शिंकाळू वाचक*

सप्रेम नमस्कार.

कंसातला विषय वेगळा नाही. तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा तपशील मला तोच वाटला, पण त्याच्याकडे शेवटी येतो. आधी वादाचा निकाल सांगून टाकतो. चाचण्यांनी तुमची पद्धत नापास केली आहे आणि तुमच्या मिस्टरांची काठावर पास. काठावर म्हणजे किती, हे पुढे हिशेब मांडला की कळेल, आणि मग तो विजय साजरा करावा की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

या विषयावर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत इतक्या चाचण्या झाल्या आहेत की एकेक वाचत बसलो तर प्रत्येक पक्षाला आपल्या सोयीची एक तरी सापडते. म्हणून सगळ्या एकत्र तोलून पाहाव्या लागतात. ते काम हॅरी हेमिला आणि एलिझाबेथ चॉकर या दोघांनी कॉक्रेन या संस्थेसाठी केलं. त्यांचा सुधारित आढावा 2013 चा आहे. त्यांनी फक्त प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, तुलना केलेल्या आणि रोज किमान 200 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी दिलेल्या चाचण्या घेतल्या.

त्यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि घरोघरच्या वादात नेमकी त्यांचीच भेसळ होते. रोज घेतली तर सर्दी होणं टळतं का? रोज घेत असताना सर्दी झालीच, तर ती लवकर बरी होते का? आणि रोज घेत नसताना, सर्दी झाल्यावर सुरू केली तर काही फरक पडतो का?

पहिल्याचं उत्तर जवळजवळ ‘नाही’ असं आहे. सर्वसामान्य लोकांवरच्या चाचण्यांमध्ये मिळून 10,708 माणसं होती. प्लासिबोवाल्यांत 100 जणांना सर्दी झाली, तर तितक्याच गोळीवाल्यांत 97 जणांना झाली. हा तीनाचा फरकही खरा मानावा की नाही, याच्या सीमारेषेवर आहे, कारण आकडेशास्त्राच्या हिशेबात 94 पासून 100 पर्यंत कुठलाही आकडा चालून जातो. तेव्हा मिस्टरांना ‘तरी सर्दी होतेच’ यात त्यांचा किंवा गोळीचा काही खास दोष नाही. ती व्हायचीच होती.

दुसऱ्याचं उत्तर ‘हो, थोडी’. रोज घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सरासरी 8 टक्के कमी टिकली, मुलांची 14 टक्के. हे आकडे साडेनऊ हजारांहून जास्त सर्द्यांवरून आले आहेत, त्यामुळे योगायोग म्हणून झटकता येत नाहीत. सर्दीचा जोरही थोडा कमी दिसला.

तिसऱ्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. सर्दी सुरू झाल्यावर गोळी चालू करण्याच्या चाचण्यांमध्ये 3,249 सर्द्या मोजल्या गेल्या. त्यात ना सर्दीचे दिवस भरवशाने कमी झाले, ना तिचा जोर.

आता 8 टक्के म्हणजे घरच्या भाषेत किती? सर्दी सात दिवस टिकते असं धरू. सात दिवसांचे 168 तास, त्यांचे 8 टक्के म्हणजे साडेतेरा तासांच्या आसपास. मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीन सर्द्या होतात. तीन धरल्या तर वर्षाकाठी सुमारे चाळीस तास वाचले. त्या चाळीस तासांसाठी 365 गोळ्या घ्यायच्या, एकही दिवस न चुकता, कारण सर्दी कधी येणार हे आधी कळत नाही. काहींना हा सौदा परवडतो. माझ्या ओळखीचे एक गायक रोज घेतात. त्यांचं म्हणणं, मैफलीच्या आठवड्यात अर्धा दिवस आधी नाक मोकळं झालं तरी मला पुरे. याच्यावर मी काही बोलू शकत नाही. मी स्वतः घेत नाही.

पण साडेतेरा तास हा आकडा जरा लक्षात राहू द्या, कारण तुमच्या पंधरा वर्षांच्या अनुभवाचं काय करायचं, ते त्याच्यावरच ठरतं.

सर्दी काही दरवेळी मोजून सात दिवसांची नसते. एक तीन दिवसांत आटोपते, दुसरी दोन आठवडे रेंगाळते. एकाच माणसाच्या दोन सर्द्यांमध्ये आठवड्याचा फरक सहज पडतो. जिथे मूळचा चढउतारच एवढा आहे, तिथे साडेतेरा तासांचा फरक कोणालाही स्वतःच्या अनुभवातून दिसणं शक्य नाही. तो दिसायला दोन्ही बाजूंना शेकडो सर्द्या लागतात, आणि तुमच्या पंधरा वर्षांत जास्तीत जास्त चाळीस-पन्नास झाल्या असतील. म्हणजे गोळीचा परिणाम खरोखर असता, तरी तो तुम्हाला असा जाणवला नसता. तुम्हाला जे ‘जाणवतं’ ते दुसरंच काहीतरी आहे.

काय असेल? तुम्ही पहिल्या शिंकेला गोळी घेता. पण प्रत्येक शिंक ही सर्दीची नांदी नसते. धुळीने, थंड हवेने, एखाद्या उग्र वासाने सकाळी चार शिंका येतात आणि दुपारपर्यंत नाक ठणठणीत होतं. त्या दिवशी गोळी घेतलेली असली, तर तो दिवस ‘सर्दी थोपवली’ या खात्यात जमा होतो. शिवाय खऱ्या सर्दीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि मग तो आपोआप ओसरतो. त्याच्या अलीकडे जे घ्याल, त्याला श्रेय मिळतं. आणि ज्या सर्द्या गोळ्या घेऊनही बारा दिवस चालल्या, त्यांच्याबद्दल आपण म्हणतो, ‘या वेळी जरा उशीर झाला घ्यायला.’ तुम्हीही कधीतरी म्हणाला असाल.

यात तुम्हाला कमी लेखण्याचा हेतू नाही. संशोधन ज्यांचा रोजचा धंदा आहे, त्यांचीही याच बाबतीत कशी फजिती झाली, तो किस्सा आता सांगतो. या विषयातली ही माझी सगळ्यात आवडती चाचणी आहे, आणि ती आवडते ती बिघडली म्हणूनच.

लायनस पॉलिंग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. रसायनशास्त्राचं आणि शांततेचं, अशी दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेला माणूस. त्यांनी 1970 साली पुस्तक लिहून सांगितलं, की रोज ग्रॅमभर किंवा त्याहून जास्त व्हिटॅमिन सी घ्या, सर्दी टळेल. एवढ्या मोठ्या माणसाचं म्हणणं तपासायलाच हवं, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या, म्हणजे एनआयएचमधल्या, 311 कर्मचाऱ्यांनी चाचणीत नाव घातलं. काहींना दिवसाला तीन ग्रॅम व्हिटॅमिन सी, काहींना तशाच दिसणाऱ्या प्लासिबोच्या कॅप्सूल. नऊ महिने. शिवाय सर्दी झाली की वरून आणखी तीन ग्रॅम, तेही खरे किंवा खोटे. कोणाला काय मिळतंय, हे घेणाऱ्याला माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. कागदावर अगदी चोख.

गोम कॅप्सूलच्या आत होती. प्लासिबो म्हणून लॅक्टोज भरलं होतं. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, चवीला किंचित गोड. व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, जिभेवर ठेवलं की दात आंबतात. आणि चाचणीत कोण होतं, तर संशोधन संस्थेत काम करणारी चौकस मंडळी. काहींना राहवलं नाही. त्यांनी कॅप्सूल उघडली आणि चाखली.

निकाल आला तेव्हा वरवर पाहता पॉलिंग बरोबर वाटत होते. दोन्हीकडून प्लासिबो मिळालेल्यांची सर्दी सरासरी 7.1 दिवस टिकली, दोन्हीकडून व्हिटॅमिन सी मिळालेल्यांची 5.9 दिवस. सव्वा दिवसाचा फरक, म्हणजे काही कमी नाही. पण चाचणी संपल्यावर संशोधकांनी लोकांना विचारलं, तुम्हाला काय मिळत होतं असं वाटतं? बऱ्याच जणांनी बरोबर ओळखलं होतं. मग ज्यांना अंदाज नव्हता अशांचेच आकडे वेगळे काढून पाहिले, तर फरक उरलाच नाही. आपण खरी गोळी घेतोय हे ज्याला माहीत असतं, तो ‘आज बरं वाटतंय’ असं एक दिवस आधी लिहून मोकळा होतो. ज्याला आपण साखर खातोय हे कळलेलं असतं, तो कंटाळतो. या चाचणीत प्लासिबोवाल्यांपैकी 44 टक्के मध्येच गळाले, व्हिटॅमिनवाल्यांपैकी 34 टक्के. शेवटपर्यंत टिकले फक्त 190. 1975 साली निकाल छापताना संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिलं, की दिसलेला थोडासा परिणाम हे गुपित फुटल्यामुळेही असू शकतो.

पुढे अनेक वर्षं ‘व्हिटॅमिन सी म्हणजे निव्वळ मनाचे खेळ’ हे मत या एका चाचणीच्या जोरावर चाललं. हेमिला यांनी नंतर त्यालाही हरकत घेतली. ओळखलेल्यांना वगळलं की उरलेला गट इतका लहान होतो, की त्याच्यावरून फरक ‘नाही’ म्हणणंही घाईचं ठरतं. इतर चाचण्यांमध्ये प्लासिबोत सायट्रिक ॲसिड घालून तो आंबट केला होता, चाखूनही ओळखू येऊ नये म्हणून, आणि रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होताना दिसण्याचा कल तिथेही टिकला. मला हेमिला यांचं म्हणणं पटतं. 8 टक्के खरे आहेत. फक्त ते 8 टक्केच आहेत.

पण तुम्ही स्वतः गोळी विकत आणता, स्वतःच्या हाताने पाकीट फोडता आणि आंबट चव जिभेवर असताना बरं वाटण्याची वाट पाहता. तुमच्या चाचणीत गुपित फुटायलाही काही शिल्लक नाही.

सर्दी झाल्यावर घेण्याची पद्धत सरळ तपासायची म्हणून ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात तुमच्यासारख्याच लोकांवर चाचणी झाली. निकाल 2001 साली आला. 400 कर्मचारी आणि विद्यार्थ्यांना गोळ्या आधीच देऊन ठेवल्या आणि सांगितलं, सर्दीची लक्षणं दिसली की घ्यायला लागा, पहिले तीन दिवस. काहींना दिवसाला एक ग्रॅम, काहींना तीन ग्रॅम, आणि काहींना फक्त 30 मिलिग्रॅम, जे प्लासिबो म्हणून धरलं होतं. एकूण 184 सर्द्यांची नोंद झाली. तीन ग्रॅमवाल्यांना 30 मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा ना लवकर बरं वाटलं, ना त्रास कमी झाला. तुमचे दिवसाचे तीन-चार हजार मिलिग्रॅम म्हणजे जवळपास हाच प्रयोग.

असं का व्हावं? एक कारण वेळेचं आहे. विषाणू नाकात शिरल्यापासून पहिली शिंक येईपर्यंत साधारण एक ते तीन दिवस जातात. म्हणजे आपण ज्याला ‘अगदी सुरुवात’ म्हणतो, तेव्हा लढाई अर्धी होऊन गेलेली असते. दुसरं कारण मला जास्त रंजक वाटतं, ते शरीराच्या साठवणीचं.

त्याच एनआयएचमध्ये मार्क लेव्हिन यांच्या गटाने सात निरोगी तरुणांना चार-सहा महिने रुग्णालयात ठेवून घेतलं आणि त्यांच्या आहारातलं व्हिटॅमिन सी जवळपास काढून टाकलं. मग ते मापून, पायरी-पायरीने वाढवत दिलं आणि दर पायरीला रक्त आणि लघवी तपासली. 1996 साली आलेल्या या निकालात असं दिसलं, की 200 मिलिग्रॅमचा एक डोस जवळजवळ पूर्ण शोषला जातो. 500 मिलिग्रॅम एकदम दिले तर सुमारे 73 टक्के शोषले जातात. 1250 दिले तर निम्म्याहूनही थोडे कमी. बाकीचं आतड्यात राहतं. आणि 500 च्या पुढे जे शोषलं जातं, तेही मूत्रपिंडं जवळपास सगळं बाहेर टाकतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी तर दिवसाला 100 मिलिग्रॅमलाच आपली कोठारं भरून घेतली होती.

कळशी भरलेली असताना नळ कितीही सोडा, पाणी ओसंडूनच जाणार. सर्दीच्या दिवशी तुम्ही चौथी गोळी चघळता, तेव्हा ती पांढऱ्या पेशींपर्यंत न जाता बहुतेक करून लघवीत जाते. जी आतड्यात राहते, ती पाणी ओढून घेते. म्हणून मोठा डोस घेतल्यावर पोट फुगतं आणि जुलाब होतात. मोठ्या माणसांसाठी दिवसाला 2000 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा अमेरिकेच्या तज्ज्ञांनी 2000 साली ठरवली, ती याच जुलाबांमुळे. तुम्ही ती दर सर्दीला ओलांडता. सर्दीत पोटही बिघडतं असा तुमचा आणखी एक ‘अनुभव’ असेल, तर त्याचं कारण विषाणूत शोधू नका.

आता पॉलिंग यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तुमच्या वादात कोणीतरी ती माझ्या तोंडावर फेकेल. एका प्रकारच्या लोकांमध्ये रोजच्या व्हिटॅमिन सीने सर्दी होण्याचं प्रमाण चक्क निम्मं झालं. कॉक्रेनच्या आढाव्यात अशा पाच छोट्या चाचण्या आहेत, मिळून 598 माणसं. स्वित्झर्लंडमधल्या शिबिरात स्कीइंग करणारी मुलं, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक आणि लांब पल्ल्याचे धावपटू. दक्षिण आफ्रिकेतल्या 90 किलोमीटरच्या शर्यतीआधी धावपटूंनी तीन आठवडे रोज 600 मिलिग्रॅम घेतलं. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत प्लासिबोवाल्यांपैकी 68 टक्के जणांनी घसा-नाकाच्या तक्रारी सांगितल्या, व्हिटॅमिनवाल्यांपैकी 33 टक्के जणांनी. पॉलिंग यांची भिस्त स्वित्झर्लंडमधल्या 1961 च्या चाचणीवर बरीच होती. ती चाचणी बरी होती, पण त्यांनी स्कीइंगच्या उतारावरचा निकाल खुर्चीत बसलेल्या माणसाला लावला.

आणि शारीरिक कष्ट म्हटले की हमखास फायदा, असंही नाही. अमेरिकेच्या मरीन दलातल्या 674 नव्या रंगरुटांना आठ आठवडे रोज दोन ग्रॅम दिलं, कसून सराव चालू असताना. सर्दी होण्यात काही फरक पडला नाही. तुमच्या घरात कोणी 90 किलोमीटर धावायच्या तयारीत असेल तर कळवा, सल्ला बदलेन.

मुलाचं प्रकरण मोठ्यांपेक्षा जरा नाजूक आहे, कारण तिथे आकडे जास्त आकर्षक आहेत. मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होतात, आणि रोज घेणाऱ्या मुलांमध्ये त्या 14 टक्के कमी टिकल्या. रोज एक ते दोन ग्रॅम दिलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या तर 18 टक्के. सहा सर्द्या, प्रत्येकी सात दिवस, असे 42 दिवस धरले तर 18 टक्क्यांनी वर्षाला साडेसात दिवस वाचतात. शाळेतल्या मुलाच्या आईला हा आकडा मोहात पाडणारच.

पण डोसकडे पाहा. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाची वरची मर्यादा 650 मिलिग्रॅम आहे. 18 टक्क्यांचा फायदा ज्या डोसला दिसला, तो या मर्यादेच्या दीडपट ते तिप्पट आहे. म्हणजे तुमच्या मुलाला जो डोस देता येतो, त्याला हा आकडा लागू नाही, आणि ज्या डोसला आकडा लागू आहे तो वर्षानुवर्षं रोज देऊ नये. 1000 ची गोळी मोडून अर्धी द्यायचा विचार मनात असेल, तर त्यात जेवणातलं व्हिटॅमिन सीही मिळवा, आणि मर्यादा किती जवळ येते ते पाहा. नीट जेवणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला मी रोजची गोळी देणार नाही. तो भाज्या-फळांना हातच लावत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून लहान डोस द्यायला हरकत नाही, पण तो व्हिटॅमिनची तूट भरायला. सर्दीसाठी नव्हे.

आता कंस.

शरीर जादा व्हिटॅमिन सीचा काही भाग मोडून त्याचं ऑक्झलेट करतं आणि ते लघवीतून बाहेर टाकतं. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. स्वीडनमध्ये हजारो मध्यमवयीन आणि वृद्ध पुरुषांवर सुमारे अकरा वर्षं नजर ठेवली, तेव्हा व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये पहिल्यांदा मुतखडा होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. हा अभ्यास 2013 सालचा. त्या देशात या गोळ्या साधारण 1000 मिलिग्रॅमच्या असतात. हा नुसत्या निरीक्षणाचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे, म्हणून गोळीनेच खडा झाला असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण नंतर अमेरिकेतल्या मोठ्या गटांमध्येही पुरुषांत असाच संबंध दिसला. स्त्रियांमध्ये दिसला नाही, त्यामुळे या बाबतीत तुम्हाला थोडी सूट आहे.

तुमच्या मिस्टरांना मात्र नाही. स्वीडनमधली माणसं अशी होती, की ज्यांना आधी कधी खडा झाला नव्हता. यांना एकदा होऊन गेला आहे, आणि एकदा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता मुळातच जास्त. एका पारड्यात वर्षाचे चाळीस तास कमी शेंबूड, दुसऱ्यात मुतखड्याची कळ. ती त्यांनी एकदा भोगली आहे, त्यामुळे वजन कशाचं जास्त हे त्यांना मी सांगायला नको. रोजची 500 ची गोळी त्यांनी बंद करावी. चार वर्षांपूर्वीच्या कागदांमध्ये खड्याच्या पृथक्करणाचा रिपोर्ट असेल तर तो काढा. त्यावर ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ लिहिलेलं असेल तर पुन्हा सुरू करण्याचा विषयच काढू नका. दुसरं काही लिहिलं असेल तर यूरॉलॉजिस्टना दाखवून विचारा. पण तोपर्यंत बंदच.

तुमच्या डब्यातल्या गोळ्यांचं म्हणाल, तर यापुढे शिंक आल्यावर त्या घेतल्या नाहीत तरी सर्दी तितक्याच दिवसांत बरी होईल. सवय म्हणून घ्यावीशीच वाटली तर दिवसाला एक, आणि चघळायची नाही. ॲस्कॉर्बिक ॲसिड वर्षानुवर्षं दातांवर घोळवत ठेवलं की वरचं कवच झिजतं. दिवसाला तीन-चार गोळ्या चघळण्याचा पंधरा वर्षांचा सराव आहे, तेव्हा पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांना हे आवर्जून सांगा. गार पाण्याने दाढा ठणकत असतील तर त्याच्याही आधी जा.